दंड आणि पोटरीच्या घडीवरून मुलांची चरबी कशी काढावी: वय आणि वाढीचा हिशेब धरून

कराड तालुक्यातल्या एका तालमीत वस्ताद मला दरवर्षी हिवाळ्यात एकच प्रश्न विचारतात: "सर, ह्या पोराचं साडेतीन किलो उतरंल का?" पोरगा १४ वर्षांचा, वजन साडेएक्कावन्न, आणि वस्तादांच्या डोळ्यापुढे ४८ किलोचा गट. हा प्रश्न वजनकाट्यावर सुटत नाही. त्या साडेएक्कावन्नात चरबी किती आणि हाडं, स्नायू, पाणी किती, हे आधी ठाऊक हवं. शाळेत किंवा तालमीत ते काढायचा परवडणारा मार्ग म्हणजे कॅलिपर, म्हणजेच कातडीची घडी चिमटीत धरून तिची जाडी मिलिमीटरमध्ये दाखवणारा चिमटा.

मी शारीरिक शिक्षण शिकवतो आणि बरीच वर्षं मुलांच्या घड्या मोजतो आहे. सुरुवातीला माझ्याकडून एक चूक झाली. मोठ्या माणसांसाठी असलेलं चार जागांचं सूत्र मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना लावलं आणि चांगल्या काटक पोरांच्या नावापुढे भलते आकडे लिहिले. घड्या बरोबर मोजल्या होत्या, सूत्रच त्या वयाचं नव्हतं. म्हणून मोजणीकडे जाण्याआधी ही चूक नेमकी कुठे होते ते सांगतो.

मोठ्यांचं सूत्र मुलांना का चालत नाही

मोठ्यांची बहुतेक सूत्रं घड्यांवरून आधी शरीराची घनता काढतात आणि मग सिरीच्या सूत्राने घनतेवरून चरबी. सिरीच्या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: चरबी वगळून उरलेल्या शरीराची घनता दर घनसेंटिमीटरला १.१०० ग्रॅम. वाढ पूर्ण झालेल्या माणसाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. लहान मुलाच्या हाडांत मात्र खनिजं अजून भरायची असतात आणि स्नायूंत पाण्याचा वाटा जास्त असतो. वयात येण्याआधी ही घनता १.०८४ च्या आसपास असते.

फरक छोटा दिसतो, पण हिशेब करून पाहा. एखाद्या मुलाच्या पूर्ण शरीराची घनता १.०६० आली. मोठ्यांच्या गृहीतकाने चरबी १७.० टक्के येते. तीच घनता आणि चरबीविरहित भागाची घनता १.०८४ धरली तर ११.१ टक्के. मुलगा तोच, तरी सहा टक्क्यांची तफावत. मूल वाढेल तशी ही तफावत कमी होत जाते, म्हणून एकच ठोक आकडा वजा करूनही काम भागत नाही.

१९८८ साली स्लॉटर, लोहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. त्यांनी मुलांची नुसती घनता मोजली नाही. शरीरातलं पाणी आणि हाडांतली खनिजंही मोजली, तिन्ही मिळून खरी चरबी ठरवली आणि मग ती घड्यांशी जुळवली. त्यातून दंड आणि पोटरी या दोनच घड्यांवरचं हे सूत्र निघालं:

मुलगे: चरबी % = ०.७३५ × (दंड + पोटरी) + १.०

मुली: चरबी % = ०.६१० × (दंड + पोटरी) + ५.१

घड्या मिलिमीटरमध्ये घ्यायच्या. साधारण ८ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी हे वापरतात. आठ वर्षांखालच्या मुलांना मी लावत नाही.

यात वय कुठेच नाही, हे पाहून अनेकांना वाटतं की काहीतरी राहून गेलं. मग कुणी बारा वर्षांखाली दोन टक्के वजा करतो, कुणी वयात आलेल्यासाठी थोडं जोडतो. असं करू नका. हाडांतल्या आणि पाण्यातल्या फरकाची दुरुस्ती हे सूत्र बांधतानाच झालेली आहे. ती वरून पुन्हा केली की एकच दुरुस्ती दोनदा होते. वाढीचा हिशेब धरावाच लागतो, पण तो दुसऱ्या ठिकाणी. तिथे आपण येऊ.

मोजणी

दोन्ही घड्या उजव्या बाजूला घेतात. सकाळी सरावाच्या आधी मोजा. व्यायामानंतर कातडीकडे रक्त जास्त येतं, अंग ओलं असतं आणि घडी नीट धरता येत नाही. तालमीत आणखी एक अडचण असते: मालीश. तेल लागलेली कातडी चिमटीतून निसटते आणि बोटं नकळत जास्त जोर लावतात. आदल्या संध्याकाळी मालीश झालेली असेल तर दंड आणि पोटरी साबणाने धुऊन, पुसून कोरडी करून घ्या. अंगाला लाल माती असेल तर तीही.

दंडासाठी मुलाला कोपर काटकोनात दुमडायला सांगा. खांद्याच्या वरचं हाडाचं टोक आणि कोपराचं मागचं टोक बोटांनी चाचपून शोधा. दोन्हींमधलं अंतर टेपने मोजा आणि बरोबर मधोमध पेनाने आडवी खूण करा. आता हात सैल सोडून खाली लोंबू द्या. खूण दंडाच्या अगदी मागच्या बाजूला, मध्यरेषेवर आणा. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. खूण बाहेरच्या अंगाला सरकली की घडी वेगळी येते आणि पुढच्या वेळी ती तिथेच सापडेल याची खात्री राहत नाही.

डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांनी खुणेच्या एक सेंटिमीटर वर घडी धरा. घडी उभी, दंडाच्या लांबीला समांतर हवी. खालचा स्नायू चिमटीत आला असं वाटलं तर मुलाला कोपर ताठ करायला सांगा. दंडाचा मागचा स्नायू आखडतो आणि तुमच्या चिमटीतून बाहेर ओढला जातो. मग पुन्हा सैल सोडायला सांगा. कॅलिपरचे दोन जबडे खुणेच्या रेषेवर लावा, त्याची मूठ पूर्ण सोडा, पण तुमची चिमटी सोडू नका. मनात 'एक, दोन' मोजा आणि आकडा वाचा. जास्त थांबलात तर दाबाने घडीतलं पाणी सरकतं आणि आकडा हळूहळू खाली येत राहतो. काही पुस्तकं चार सेकंद सांगतात. तुम्ही जो वेळ ठरवाल तो सगळ्यांना आणि दर वेळी तोच ठेवा.

पोटरीसाठी मुलाला उजवा पाय स्टुलावर किंवा पायरीवर ठेवायला सांगा. गुडघा काटकोनात हवा आणि त्या पायावर भार नको. टेप पोटरीवर खालीवर सरकवून सर्वांत जाड जागा शोधा. त्या उंचीवर पोटरीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला खूण करा. घडी उभी धरायची, बाकी सगळं दंडासारखंच. सायकल चालवणाऱ्या, घाटात पळणाऱ्या किंवा बैठका मारणाऱ्या मुलांची पोटरी घट्ट असते आणि घडी सुटी येत नाही. अशा वेळी पाय आणखी सैल सोडायला सांगा. तरीही घडीच्या दोन बाजू समांतर येत नसतील तर वहीत 'घडी अवघड' असा शेरा लिहा. पुढे तोच आकडा संशयास्पद वाटला की हा शेरा उपयोगी पडतो.

एकाच जागी लागोपाठ तीन वेळा मोजू नका, कारण आधी दाबलेली घडी लगेच पहिल्यासारखी होत नाही. सगळ्या जागांची एक फेरी संपवा, मग दुसरी. दोन आकड्यांत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरी फेरी घ्या. दोन फेऱ्यांची सरासरी धरायची, तिसरी घ्यावी लागली तर तिन्हींतला मधला आकडा. एवढी काटेकोर शिस्त कशासाठी, तर दोन्ही जागी १ मिलिमीटर जास्त वाचलात की मुलाची चरबी दीड टक्क्याने वाढते: २ × ०.७३५ = १.४७.

कॅलिपर कोणता वापरता हेही महत्त्वाचं आहे. चांगल्या कॅलिपरचे जबडे दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅमचा दाब देतात. त्याला ०.२ किंवा ०.५ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं. स्वस्त प्लॅस्टिकच्या चिमट्यात दाब अंगठ्याच्या जोराने दिला जातो, त्यामुळे दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत. वेगवेगळ्या बनावटीचे कॅलिपर एकाच घडीला एक-दोन मिलिमीटरने वेगळे वाचू शकतात. म्हणून एका मुलाची नोंद वर्षभर एकाच कॅलिपरने आणि शक्यतो एकाच हाताने व्हावी. मुलींची मोजणी शिक्षिकेने करावी, आईसमोर किंवा दुसऱ्या शिक्षिकेसमोर. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, वहीत लिहायचा.

आधी स्वतःची चूक मोजा

मुलांचे आकडे कुणाला सांगण्यापूर्वी दहा मुलांच्या घड्या एकदा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पहिले आकडे न बघता पुन्हा घ्या. प्रत्येक मुलाच्या दोन मोजण्यांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा आणि सगळे वर्ग बेरीज करा. बेरजेला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा.

समजा दंडाच्या घडीसाठी वर्गांची बेरीज २.६ आली. २० ने भागून ०.१३, वर्गमूळ ०.३६ मिलिमीटर. मुलांची सरासरी घडी १०.५ असेल तर ही चूक ३.४ टक्के होते. पाच टक्क्यांच्या आत असाल तर पुढे जा. जास्त असेल तर सूत्राला दोष देऊ नका, खुणा नीट शोधायचा सराव करा. पोटरीसाठी वेगळा हिशेब करा. बहुतेकांची पोटरीची चूक दंडापेक्षा जास्त निघते.

संगणकावर नोंद ठेवत असाल तर B मध्ये M किंवा F, C मध्ये दंड, D मध्ये पोटरी:

```
=IF(B2="M",0.735*(C2+D2)+1.0,0.610*(C2+D2)+5.1)
```

वाढ कुठे धरायची

मुलगे वयात येताना झपाट्याने उंच होतात. त्या काळात हातापायांवरच्या कातडीखालची चरबी बहुतेकांमध्ये पातळ होते, पण पाठीवरची आणि धडावरची तशी होत नाही. दंड आणि पोटरी या दोन्ही जागा हातापायांवरच्या आहेत. म्हणून याच काळात आपल्या सूत्राचा आकडा खरोखर घटलेल्या चरबीपेक्षा जास्त घसरलेला दिसू शकतो. वाढीचा हिशेब धरायचा तो इथे, म्हणजे आकडा वाचताना.

त्यासाठी मी तिसरी घडी घेतो, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाच्या खाली, तिरपी. त्याच संशोधकांचं दंड आणि पाठ यांवरचं वेगळं सूत्र आहे, आणि त्यात मुलग्यांसाठी वाढीची दुरुस्ती उघडपणे दिलेली आहे. दोन घड्यांची बेरीज ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर:

मुलगे: चरबी % = १.२१ × बेरीज − ०.००८ × (बेरीज)² − स्थिरांक

मुली: चरबी % = १.३३ × बेरीज − ०.०१३ × (बेरीज)² − २.५

मुलग्यांचा स्थिरांक वयात येण्याआधी १.७, मध्यावर ३.४ आणि वयात आल्यावर ५.५. हे आकडे त्या अभ्यासातल्या श्वेतवर्णीय अमेरिकन मुलांचे आहेत. कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळे दिले आहेत, आपल्या मुलांसाठी दिलेलेच नाहीत. मुलींच्या सूत्रात वाढीनुसार बदलणारा स्थिरांकच नाही. बेरीज ३५ च्या वर गेली तर वेगळं सरळ सूत्र लागतं. पण इतकी चरबी असलेल्या मुलाची घडी कॅलिपरमध्ये नीट बसतही नाही आणि दोन्ही सूत्रं डळमळतात. अशा मुलाचा टक्का मी काढत नाही. घड्यांची बेरीज आणि कंबरेचा घेर नोंदवतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो.

मूल कोणत्या टप्प्यावर आहे हे त्या संशोधकांनी टॅनरच्या पाच टप्प्यांवरून ठरवलं: पहिला-दुसरा म्हणजे आधी, तिसरा मध्यावर, चौथा-पाचवा नंतर. टॅनरची तपासणी शरीर पाहून होते. ती शिक्षकाने किंवा वस्तादाने करू नये. ते डॉक्टरांचं काम आहे.

आपल्यासाठी २०१५ साली मूर आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र पुरेसं आहे. उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा क्षण किती वर्षं दूर आहे, हे ते वय आणि उंचीवरून सांगतं. हे वेगळ्या पानावर मांडा: A मध्ये वय दशांश वर्षांत, B मध्ये उंची सेंटिमीटरमध्ये. मुलग्यांसाठी:

```
=-7.999994+0.0036124*(A2*B2)
```

मुलींसाठी:

```
=-7.709133+0.0042232*(A2*B2)
```

उत्तर उणे आलं तर तो क्षण अजून यायचा आहे, अधिक आलं तर होऊन गेला. उणे १ च्या खाली 'आधी', उणे १ ते अधिक १ 'मध्यावर', त्याच्या वर 'नंतर' असं मी धरतो. ही वाटणी टॅनरच्या टप्प्यांशी तंतोतंत जुळणारी नाही, ती कामचलाऊ आहे. मूल काठावर असेल तर दोन्ही स्थिरांक लावून दोन्ही आकडे लिहून ठेवा. मूरचं सूत्र परदेशी मुलांवरून बांधलेलं आहे. फार लवकर किंवा फार उशिरा वयात येणाऱ्या मुलांत ते सरासरीकडे झुकतं, हेही ध्यानात असू द्या.

एक स्थानिक सूचना: जन्मतारीख जन्मदाखल्यावरून घ्या. आपल्याकडे शाळेच्या दप्तरात १ जून लिहून मोकळं होण्याची जुनी सवय आहे आणि एखाद्या रजिस्टरात ती अजून भेटते. १४८ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं वय एक वर्षाने चुकलं तर वरचं उत्तर अर्ध्या वर्षाहून जास्त सरकतं. काठावरचं मूल त्यामुळे चुकीच्या गटात जाऊ शकतं.

एका मुलाचा हिशेब

आता वस्तादांच्या त्या पोराकडे येऊ. त्याची दीड वर्षापूर्वीचीही नोंद माझ्या वहीत होती.

तेव्हा तो साडेबारा वर्षांचा, उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४१ किलो. दंड ११.४, पोटरी १२.६, बेरीज २४. ०.७३५ × २४ + १ = १८.६ टक्के. पाठीची घडी ८.०, म्हणून दंड आणि पाठ मिळून १९.४. मूरच्या सूत्राने उणे १.३, म्हणजे 'आधी'. स्थिरांक १.७ घेऊन दुसऱ्या सूत्राचं उत्तर १८.८ टक्के. दोन्ही सूत्रं जवळजवळ एकाच आकड्यावर आली, म्हणजे मोजणीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता तो १४ वर्षांचा, उंची १६१, वजन ५१.५. दंड ८.२, पोटरी ९.४, बेरीज १७.६. चरबी १३.९ टक्के. वस्ताद खूश झाले, "मेहनतीनं चरबी जळली". पण पाठीची घडी ८ वरून ९ झाली होती. मूरचं उत्तर अधिक ०.१, म्हणजे 'मध्यावर'. दंड आणि पाठ १७.२, स्थिरांक ३.४ घेऊन १५.० टक्के.

इथे स्थिरांक बदलायला विसरलो असतो आणि जुनाच १.७ लावला असता, तर १६.७ आले असते. म्हणजे १८.८ वरून घसरण ३.८ ऐवजी जेमतेम २.१ टक्के दिसली असती, आणि दंड-पोटरीचं सूत्र त्याच मुलाची घसरण ४.७ टक्के दाखवत असताना मी गोंधळून गेलो असतो.

आता हेच किलोत बघा, कारण खरी गोष्ट किलोतच कळते. दंड-पोटरीनुसार आधी ७.६ किलो चरबी होती, आता ७.२. दंड-पाठीनुसार आधी ७.७, आता ७.७. चरबी जळलेली नाही, ती जवळपास तेवढीच आहे. पोरगा वाढला आहे. दीड वर्षात त्याचं चरबीविरहित वजन साडेतेहतीसच्या आसपास होतं ते चव्वेचाळीसच्या आसपास गेलं. टक्का घसरला तो छेद वाढल्यामुळे. मुलींमध्ये नेमकं उलट होतं. वयात येताना चरबीचा टक्का वाढणं हा तिच्या वाढीचाच भाग आहे. धावणाऱ्या मुलीच्या दोन घड्या २० वरून २४ झाल्या आणि टक्का १७.३ वरून १९.७ झाला म्हणून तिचा भात-भाकरी कमी करणं मोठी चूक ठरेल.

साडेतीन किलोचा निकाल

अमेरिकेतल्या शाळकरी कुस्तीत मुलग्याला ७ टक्के आणि मुलीला १२ टक्के चरबीपेक्षा खाली उतरू देत नाहीत. हा आकडा गाठायचा नसतो, त्याच्या खाली जायचं नसतं. आपल्या पोराच्या चरबीविरहित ४४.३ किलोला ०.९३ ने भागलं की किमान वजन ४७.७ येतं. म्हणजे कागदावर ४८ चा गट बसतो, आणि वस्तादांचं म्हणणं खरं वाटतं.

पण या सूत्राची स्वतःचीच सर्वसाधारण चूक ३.८ टक्के आहे. याचा अर्थ, तीन मुलांपैकी साधारण दोघांची खरी चरबी सूत्राच्या आकड्याच्या ३.८ टक्के खालीवर असते आणि तिसऱ्याची त्याहून दूर. आपल्या पोराची खरी चरबी १३.९ नसून १०.१ असेल, तर चरबीविरहित वजन ४६.३ आणि किमान वजन ४९.८ होतं. मग ४८ वर उतरवणं म्हणजे चरबीसोबत स्नायू आणि पाणी काढून घेणं, तेही मुलगा उंचीच्या सर्वांत वेगवान टप्प्यावर असताना. किमान वजनाचा निर्णय मधल्या आकड्यावर घेऊ नका, धोक्याच्या बाजूच्या टोकावर घ्या. वस्तादांना मी हा हिशेब त्यांच्याच वहीत मांडून दाखवला. त्यांनी बराच वेळ आकड्यांकडे पाहिलं आणि मग पोराला ५२ च्या गटात ठेवलं.

आपल्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट. पुण्यात डॉ. यात्निक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला. वजनाने किरकोळ असलेल्या आपल्या बाळांत पाठीवरची चरबी त्या मानाने टिकून असते, असं त्यांना दिसलं. पुढेही आपल्याकडची बरीच मुलं हातपाय बारीक आणि धड भरलेलं, अशा बांध्याची असतात. फक्त दंड आणि पोटरी मोजली तर अशा मुलाची चरबी कमी दिसण्याचा धोका आहे. यावर अंदाजाने दोन टक्के जोडायची सवय मला मान्य नाही. कारण किती जोडायचे ते मुलागणिक बदलतं, आणि एकदा जोडले की मूळ आकडा हरवतो. पाठीची घडी घ्या, कंबरेचा घेर घ्या. पाठीची घडी दंडाच्या घडीपेक्षा जास्त निघाली तर त्या मुलाच्या दंड-पोटरीच्या टक्क्यापुढे तसा शेरा लिहा. आपल्या या पोराचंही तसंच आहे: पाठ ९.०, दंड ८.२. म्हणून त्याचा १३.९ मी एकटा कुणाला सांगत नाही, शेजारी १५.० लिहून दोन्ही सांगतो.

वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे मी तारीख, वय दशांशात, उंची, वजन, तिन्ही घड्यांच्या दोन्ही फेऱ्या, मूरचं उत्तर, वापरलेला स्थिरांक आणि कॅलिपरचं नाव लिहितो. टक्का शेवटी. स्थिरांकाचा रकाना रिकामा ठेवू नका. सहा महिन्यांनी मूल 'आधी'मधून 'मध्यावर' आलं की आकडा स्थिरांकामुळे हलला की मुलामुळे, हे त्या एका रकान्यावरूनच कळतं. तीन महिन्यांच्या आत पुन्हा मोजायला मी तयार होत नाही. इतक्या थोड्या काळात होणारा खरा बदल आपल्या मोजणीच्या चुकीतच बुडून जातो.